खोडलेल्या सात जणी

माझ्या मायला आयुष्यात एकच गणित पक्कं कळलं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी कित्येक वर्षं म्हणत आलेय. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. मोठ्यानं बोलायची मला खोड आहे, घरात सगळे त्यावरून मला टोमणे मारतात, पण हे एक कधी तोंडातून बाहेर काढलं नाही.

तेव्हा मला चौथा महिना लागायचा होता. पहिलंच बाळंतपण. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, मी टेलिफोन खात्यात, घर उस्मानपुऱ्यात, दोन खोल्या भाड्याच्या. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. ज्यांच्याकडं मी तपासायला जायचे त्या डॉक्टरबाईंनी एकदा सहज विचारलं, घरात कुणाला काही आजार? मीही सहज सांगितलं की माझे दोन मामा लहानपणीच पांगळे होऊन गेले. बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "दोघं? सख्खे?" म्हणाल्या, आणि त्यांनी मला सरकारी दवाखान्यातल्या एका खास ओपीडीत पाठवलं. तिथं पिढीजात आजारांचा सल्ला देतात म्हणे. येताना आईला घेऊन ये, असंही बजावलं.

मामांना मी पाहिलेलं नाही. मायचं माहेर फर्दापूरच्या पलीकडं, कोरडवाहू शेतीचं घर. माय जन्मली ती रझाकारांच्या धामधुमीत, आणि पोलीस ॲक्शन झाली तेव्हा पाळण्यात होती. मामा दोघं तिच्याहून मोठे. चांगले खेळते होते, मग पडायला लागले, मग भिंत धरून चालायला लागले, मग खाट. कुणी बाहेरची बाधा म्हणायचं, कुणी देवीचं राहिलंय म्हणायचं. माय सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांना कुशीवर वळवायची, त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकायची. मोठा गेला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं, एवढंच ती सांगायची. लग्न होऊन आली तर सासू येताजाता म्हणायची, "माहेरून कीड घेऊन आली." मायनं लागोपाठ मुलगे दिले तरी म्हातारीचं तोंड बंद झालं नाही.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून थोडीच मोठी होती. मुंबईला शिकून आलेली, पण मूळची लातूरकडची, त्यामुळं मायला ती लगेच आपली वाटली. टेबलावर कोरा कागद घेतला आणि घराणं काढायला बसली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजारी असेल तर चौकोन काळा भरायचा. आजीचा गोल, तिच्याखाली मामांचे दोन काळे चौकोन, शेजारी मायचा गोल.

"मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"तीन ल्योक आन ही एक पोरगी," माय म्हणाली. एका दमात, जशी ती नेहमी म्हणायची.

"तिघं धडधाकट? धावतात, जिने चढतात?"

"अवं, थोरला पोलिसात हाय. मधला ट्रक चालवतो. धाकटा तर कबड्डी खेळताना लोकांचे पाय मोडतो!"

डॉक्टर हसली. तिनं तीन पांढरे चौकोन काढले, आणि मग मला आणि मायला समोर घेऊन सावकाश सांगायला लागली. हा रोग स्नायूंचा. दोष बाईच्या अंगात लपून राहतो, बाईला त्याचं काही होत नाही. पण तिच्या प्रत्येक मुलाला तो जायची शक्यता निम्मी, आणि मुलाला गेला की रोग ठरलेला. मुलीला गेला तर तीही आईसारखीच, दोष बाळगून फिरणारी. अशा बाईला डॉक्टर वाहक म्हणायची. आजीचे दोन मुलगे गेले म्हणजे आजी वाहक होती, यात शंका नाही. मग मायच्या वाट्याला तो दोष आला की नाही? जन्मताना निम्मी निम्मी.

"म्हंजी हाय बी आन नाय बी," माय म्हणाली.

"बरोबर. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. तुमच्या मुलांनी पुढं काहीतरी सांगितलंय, ते ऐकायचं."

तिनं कागदावर सोळा गोल काढले. म्हणाली, तुमच्यासारख्या सोळा बाया समजा. सगळ्यांच्या आया वाहक. सोळातल्या आठ वाहक, आठ मोकळ्या. आता सगळ्यांना तीन तीन मुलगे झाले. मोकळ्या आठ जणींचे सगळे मुलगे या रोगातून सुटलेलेच असणार. वाहक आठ जणींचं काय? पहिला मुलगा बरा निघाला अशा चारच. दुसराही बरा निघाला अशा दोन. तिसराही बरा निघाला अशी एक. बाकीच्या सात जणींच्या घरी एक तरी मुलगा आजारी निघाला असणार. तुमच्या घरी तसं नाही, म्हणजे तुम्ही त्या सातांत नाही. असं म्हणून तिनं सात गोलांवर काट मारली.

"राहिल्या किती?"

मायनं बोट ठेवून मोजलं. "नऊ."

"त्या नऊत वाहक किती?"

"येक." मग ती थबकली आणि माझ्याकडं बघायला लागली. "म्हंजी मी... नाय?"

"नऊत एक. शून्य नाही म्हणता येणार, मावशी. पण आधी निम्मं होतं, ते तुमच्या मुलांनी नवव्या हिश्श्यावर आणलं."

मग माझं. मायची शक्यता नऊत एक, तिच्याकडून माझ्याकडं यायची त्याच्या निम्मी, म्हणजे अठरात एक. पोटातला मुलगा असेल तर त्याला रोग असायची त्याच्याही निम्मी, छत्तिसात एक. माझं रक्तही घेतलं होतं, पण गरोदरपणात ती तपासणी फसवते म्हणून डॉक्टरनं ते धरलंच नाही. छत्तिसात एक म्हणजे आम्ही टेलिफोनवाल्यांनी जवळजवळ शून्यच म्हणावं. पोटातलं पाणी काढून तपासायचं का, असं तिनं विचारलं. गर्भाचं लिंग सांगायला कायद्यानं बंदी आली होती, पण असल्या रोगासाठी परवानगी होती. रोग आहे की नाही हे मात्र आमच्या बाबतीत त्या काळी कळत नव्हतं, कारण मामांच्या रक्ताचा टिपूससुद्धा कुणाकडं नव्हता. मुलगा की मुलगी एवढंच कळणार. मी म्हटलं, छत्तिसात एकासाठी कोण सुई टोचून घेतंय? डॉक्टर म्हणाली, माझंही तेच मत पडलं असतं.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर आलो आणि माय मटकन कट्ट्यावर बसली. मला वाटलं चक्कर आली. बघते तर हसत होती, डोळ्याला पदर लावून हसत होती. "त्या म्हातारीला कुणीतरी सांगायला पायजे होतं गं," म्हणाली, "मी कीड नव्हते म्हणून." सासू मरून किती वर्षं झाली होती! तिथून मला ओढत गुलमंडीवर नेलं, हिरवा चुडा भरला, नातवाच्या झबल्याला कापड घेतलं, दुकानदाराशी घासाघीस करताना त्या बिचाऱ्यालाही सांगून टाकलं की मी मोकळी निघाले. तो "मुबारक हो मावशी" म्हणाला, कशाबद्दल ते त्यालाही कळलं नसेल. मायला मी एवढी खुश आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

ती आठवडाभर माझ्याकडं राहणार होती. दोन-तीन दिवसांत तिचा नूर उतरला. जेवण कमी, बोलणं कमी. भाकरी थापता थापता हात थांबायचा. दुपारी मी ड्युटीवरून आले की ती दारातच बसलेली असायची, गल्लीत खेळणाऱ्या पोरांकडं बघत. खेळाकडं नाही, पोरांच्या पायांकडं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "माय, झालं तरी काय? आता तर मोकळी झालीस ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मागून आवाज आला.

"तिनं सात गोल खोडले ना गं."

"कुणी?"

"डाक्टरीणबाईनं. मी त्याच्यातली हाय."

माझा डबा तसाच राहिला. तिनं जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. थोरल्याच्या पाठीवर एक झाला होता. मधल्याच्या आधी. पाचवं सरायच्या आत गोवरानं गेला. त्याच्यानंतर मधला, मग धाकटा, मग मी. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, थोरल्याला आठवत असलं तरी तो कधी बोलला नाही. आमच्याकडं गेलेलं लेकरू मोजत नाहीत. मोजलं की ते मागं वळून बघतं म्हणतात, आणि राहिलेल्यांना हाक मारतं. म्हणून बायकांना किती मुलं विचारलं की जितकी जिती असतील तितकीच सांगायची रीत. माय खोटं बोललीच नव्हती. रीतीनं बोलली होती. आणि मुंबईला शिकलेल्या डॉक्टरनंही "मुलं किती" असं विचारलं, "बाळंतपणं किती" असं नाही.

मला मात्र संताप आला. "आता कशाला सांगितलंस?" मी ओरडले. "गोवरानं गेला ना? मग त्याचा काय संबंध!"

"संबंध हाय का नाय ते तिला ठरवू दे," माय म्हणाली.

रजा टाकून परत गेलो. डॉक्टरनं ऐकलं, तोच जुना कागद काढला आणि थोरल्याच्या शेजारी आणखी एक चौकोन काढला. पांढरा ठेवायचा की काळा भरायचा, ते तिनं तसंच ठेवलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "दोन रस्ते आहेत. हा मुलगा त्या वयातही ठणठणीत होता, तर तो चौथा साक्षीदार झाला. मग आईची शक्यता अजून कमी होते, सतरात एक. पण त्याच्यात रोगाची लक्षणं होती, तर मग बाकीच्या तिघांच्या साक्षीचा उपयोग नाही. एकानं सांगितलं तेवढं पुरतं. मग आई वाहक होतीच, आणि तुमचं निम्मं निम्मं."

माझं लबाड मन लगेच पहिल्या रस्त्याला लागलं. मी म्हटलं, "गोवरानं गेलेलं पोर ते, बाकी चांगलंच असणार! साडेचार वर्षांचं पोर, उड्या मारत असणार! हो ना माय?" तिला खूण केली, डोळ्यानं दटावलंसुद्धा. माय माझ्याकडं बघतच नव्हती.

"मावशी, चालायला कधी लागला?"

"उशिरा. थोरल्यापेक्षा लई उशिरा. पण लेकरं असतात येकेक."

"पोटऱ्या कशा होत्या?"

मायचा चेहरा असा झाला की मला उठून तिथून पळून जावंसं वाटलं. "भरलेल्या," ती म्हणाली. "टणक. गावातले समदे म्हणायचे पैलवान होणार. मी तर त्याला मांडीवर घेऊन पोटऱ्या दाबून बघायची. लई अभिमान होता मला त्याच्या पोटऱ्यांचा."

डॉक्टरनं कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं; या रोगात पोटऱ्या अशाच फुगतात, हे मला नंतर कळलं. मग तिनं हळूच विचारलं, "खाली बसला असला, की उठायचा कसा?"

माय खुर्चीवरून उठली. मला वाटलं निघाली. ती ओपीडीच्या फरशीवर बसली, लुगडं सावरलं, मग पालथी होऊन चार पायांवर आली. ढुंगण वर केलं. एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर. मग मांड्यांवरून हात एकेक करून वर सरकवत, आपल्याच अंगावर चढावं तशी, ती उभी राहिली. बाहेर पेशंटचा गलका चालू होता. दारातून कुणीतरी डोकावलं आणि मागं सरलं.

"असा," ती म्हणाली. "त्याला बघून आम्ही हसायचो. बुढ्ढ्यासारखा उठतो म्हणायचो. माझे भाऊ कसे उठायचे ते मला आठवलंच नाय तवा. का आठवलं नाय ओ बाई? मीच तर त्यांना उठवायची."

डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिनं ते लपवलं नाही. चौकोन काळा भरताना तिचं पेन दोनदा थांबलं. म्हणाली, आठवणीवर शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण मी याला निरोगी धरू शकत नाही. मग मायनं त्या पोराचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एकदाच, कागदाकडं बघून. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

माझा आकडा अठरात एकवरून दोनात एक झाला. पोटातला मुलगा असेल तर चारात एक. आता पाणी तपासायला मी नाही म्हणू शकत नव्हते. पुण्याला गेलो, नवरा बरोबर होता. सुई गेली तेव्हा मी त्याच्या हाताला एवढी नखं रुतवली की व्रण राहिला, तो अजून दाखवतो लोकांना, मांजरानं ओरबाडलं म्हणून. परत येऊन वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत पोटात हालचाल जाणवायला लागली. पहिल्यांदा गॅस वाटला. मग कळलं.

काय दिवस होते ते! आजूबाजूला लोक मुलगी नको म्हणून चोरून पाडायला धावत होते, आणि मी रोज सकाळी देवापुढं उभी राहून मुलगी दे, मुलगी दे म्हणत होते. गावाकडच्या सासूला काहीच सांगितलं नव्हतं. ती खुशाल निरोप पाठवायची की नातूच होणार बघा, चेहऱ्यावरून कळतंय.

मुलगा होता.

डॉक्टरनं पुन्हा कागद काढला. तिनं काय करा ते सांगितलं नाही, कितीही विचारलं तरी सांगितलं नाही. मी चिडून म्हटलं, "तुम्ही असता तर काय केलं असतं, तेवढं तरी बोला!" ती म्हणाली, "मी तुमच्या जागी नाही, आणि तुमच्या आईसारखं मी काही पाहिलेलं नाही." चारातले तीन रस्ते चांगले, एक वाईट. रस्ता कुठला ते चालल्याशिवाय कळणार नाही, आणि कळेल तेव्हा पोर चार-पाच वर्षांचं असेल. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. मला त्याचा राग आला. सगळ्यांचाच राग आला.

मायला विचारलं. ती म्हणाली, "मी दोन भाऊ उचललेत. एवढंच सांगते." मग भिंतीकडं तोंड करून निजली.

मी ठेवलं नाही. त्याच दवाखान्यात झालं. त्याबद्दल एवढंच लिहिते की नर्स चांगली होती आणि मी त्याला पाहिलं नाही. पाहू दिलंही नसतं, आणि मी मागितलंही नाही. मी चुकले असं मी म्हणत नाही. कुणी म्हटलं तर मी त्याला सोडणार नाही. ज्यानं आपल्या भावाला कुशीवर वळवलेलं नाही त्यानं मला शहाणपण शिकवू नये.

पुढच्या वेळी मात्र मी पुण्याला गेलेच नाही. माझ्यानं पुन्हा ते होणार नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, जे येईल ते येईल, उचलावं लागलं तर उचलू. मुलगा झाला. अंघोळीला बसवून बाळाला तेल लावताना बायका गाणी म्हणतात, मी त्याच्या पोटऱ्या दाबून बघायचे. टणक वाटल्या की पुन्हा पुन्हा दाबायचे. बाळाच्या पोटऱ्या कशा असतात हे पहिल्या खेपेच्या बाईला काय ठाऊक? शेजारणींच्या पोरांच्यासुद्धा दाबून बघायचे. एकजण म्हणाली, "काय गं, बकरा घ्यायचाय का?" मी हसले. डॉक्टरकडं जायचे तर ती म्हणायची, पाच वर्षांच्या आत याला साक्षीला धरू नका. रक्त तपासून घ्या हवं तर. मी म्हटलं नको. खेळायला बसला की मी स्वैपाकघराच्या दारात उभी राहून तो उठायची वाट बघायचे. तो उठायचा आणि पळायचा. रोज पळायचा. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचा, आणि मी खालून शिव्या द्यायचे, पडशील मेल्या! असल्या शिव्या द्यायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते मला विचारा.

तो सहा वर्षांचा झाल्यावर मी डॉक्टरकडं गेले. मायही आली होती, गुडघे धरून. डॉक्टरनं खुशीत कागदावर गोल काढले. तुमच्यासारख्या चार बाया समजा. दोन वाहक, दोन मोकळ्या. वाहक दोघींपैकी एकीचा मुलगा आजारी निघणार, ती खोडली. तुमचा बरा निघाला. राहिल्या तीन, त्यात वाहक एक. "निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आलात," ती म्हणाली.

माय कागदाकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, "आन त्या पयल्याचं?"

डॉक्टरला आधी कळलं नाही. मला कळलं.

"त्याचं चारात येक होतं ना. आता किती?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "सहात एक," ती हळूच म्हणाली.

म्हणजे मी मोकळी असायची शक्यता वाढली, तशी तोही चांगला असायची वाढली. वेगळं गणित नव्हतं, त्याच गणिताची दुसरी बाजू. हा जितका जिन्यावरून पळत गेला, तितका तो न जन्मलेला बरा होत गेला. घरी येताना रिक्षात माय माझा हात धरून म्हणाली, "मी गप बसले असते तर." मी तिच्यावर खेकसले, "गप बस आता तरी!" आणि मग दोघी रडलो, रिक्षावाल्यानं आरसा वर केला.

त्या मुलाच्या पाठीवर आणखी एक झाला. तोही पाच वर्षांचा झाला, सहाचा झाला, सायकल शिकला, उस्मानपुऱ्यातल्या सगळ्या गल्ल्यांत पडून गुडघे फोडून आला. मी डॉक्टरकडं गेले नाही. गणित मला आता येत होतं. पाचात एक माझं. दहात एक त्या पहिल्याचं. मायला मी सांगितलं नाही, पण धाकटा पळत आला की तिचे डोळे भरायचे आणि ती मला विचारायची, "हा बी चांगलाच निघाला, व्हय?" मी "व्हय" म्हणायचे. दोघींना आनंद व्हायचा, दोघी एकमेकींकडं बघायचं टाळायचो. ती गेली तेव्हा दोन्ही नातवांनी तिला खांदा दिला. ते ताठ चालत होते, आणि मला बघवत नव्हतं.

परवा माझ्या थोरल्या मुलाला नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन त्या डॉक्टरकडं गेले. आता केस पांढरे झालेत तिचे, दवाखानाही सोडला. म्हणाली, आता तपासण्या पुष्कळ सुधारल्या, एक रक्त दिलंत तर तुम्ही वाहक आहात की नाही ते बहुतेक स्पष्ट सांगता येईल, आकडे मांडत बसायला नको. मला मुलगी नाही, मुलगे तर सुटलेलेच. म्हणजे त्या उत्तराची माझ्याशिवाय कुणालाच गरज नाही. ती म्हणाली, मनाच्या शांतीसाठी करून बघा.

मी नाही म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, का गं, मोकळी निघशील तर सुटशील एकदाची. एवढी वर्षं संसार केला, तरी पुरुषाला कळत नाही. मी मोकळी निघाले तर दहात एकसुद्धा उरणार नाही, तो पोटातला पहिला धडधाकटच होता असं ठरेल. दोष माझ्या रक्तात निघावा, आपल्या अंगात कीड असावी, असं मागणारी बाई कुणी पाहिली नसेल. मी रोज मागते.